केबलने रिव्हर्स चार्जिंग आणि पाठीला पाठ लावून रिव्हर्स चार्जिंग, फरक काय

बऱ्याच जणांना वाटतं रिव्हर्स चार्जिंग म्हणजे महागड्या फोनच्या पाठीवर इअरबड्सची डबी ठेवायची. ते वायरलेसवालं, त्याला दोन्हीकडे कॉइल लागते, डबी जरा सरकली की चार्जिंग बंद आणि बरीचशी पॉवर गरम होण्यात जाते. केबलवालं वेगळं, ते टाइप-सी असलेल्या बहुतेक फोनमधे असतं आणि फोनवाले त्याची जाहिरातच करत नाहीत. आयफोन 15 मधे पाठीवरचं नाही, पण केबलने तो 4.5 वॅटपर्यंत देतो.

आता 4.5 वॅट म्हणजे किती ते बघा. इअरबड्सच्या डबीत साधारण 500 एमएएचची बॅटरी, म्हणजे जेमतेम 2 वॅट-अवर, तेवढ्याला फोन पुरून उरतो. पण 5000 एमएएचच्या फोनमधे असतात साधारण 19. मागच्या महिन्यात एसटीत बहिणीचा फोन 3 टक्क्यांवर आला, मी माझ्याला जोडला, अर्ध्या तासात तिचा 12 वर गेला आणि माझा 13 टक्के उतरला. म्हणजे देणाऱ्याचं जास्त जातं आणि घेणाऱ्याला कमी मिळतं, कारण देताना व्होल्टेज वाढवण्यात थोडं आणि घेताना परत बॅटरीत भरण्यात थोडं वाया जातं. तिने स्क्रीन चालू ठेवून व्हिडिओ बघितला असता तर निम्मंही चढलं नसतं, म्हणून नंतर एकच कॉल करायचाय एवढीच गरज असेल तर घेणारा फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि खाली ठेवा.

अजून एक, दोन फोन जोडल्यावर कोण देणार हे कुणी ठरवत नाही, दोघंही देऊ-घेऊ शकतात म्हणून कधी उलटंच होतं, 3 टक्केवाला 70 वाल्याला चार्ज करायला लागतो! अँड्रॉइडमधे जोडल्यावर नोटिफिकेशन येतं, त्यावर टॅप केलं की यूएसबी सेटिंग उघडते, तिथे ज्याने द्यायचंय त्या फोनवर `Charge connected device` चालू करा, आणि मग विजेचं चिन्ह कोणत्या फोनवर दिसतंय ते बघूनच खिशात ठेवा.

आणि स्वस्तातली डबी सी-टू-सी केबलने अजिबात चार्ज होत नसेल तर फोन खराब समजू नका. टाइप-सीमधे फोन आधी समोरच्या वस्तूत एक छोटा रेझिस्टर शोधतो, तो सापडला तरच 5 व्होल्ट सोडतो, आणि काही कंपन्या तो बसवतच नाहीत. अशा वेळी फोनला ओटीजी अ‍ॅडॅप्टर लावायचा आणि त्यात डबीसोबत आलेली जुनी यूएसबी-ए वाली केबल, कारण फोनला लागणारी खूण ओटीजीच देतो, आणि डबीचा लाइट लगेच लागतो.