डेल्टातला कपॅसिटर: 240 की 415?

"कपॅसिटर पर फेज काढायचा, मग व्होल्टेजही 240च घ्यायचं ना?"

नाही. 240 स्टारमध्ये. डेल्टात प्रत्येक कपॅसिटर दोन लाइनींमध्ये बसतो, त्याच्यावर पूर्ण 415 व्होल्ट येतात.

30 किलोवॉटच्या लोडचा पॉवर फॅक्टर 0.75 वरून 0.95 वर न्यायचा आहे. या दोन पॉवर फॅक्टरच्या कोनांचे tan 0.882 आणि 0.329, म्हणून `30 × (0.882 − 0.329)` म्हणजे 16.6 केव्हीएआर, प्रत्येक कपॅसिटरला 5.53.

```
C = 5530 / (2π × 50 × 415²) ≈ 102 µF
```

240 धरलंत तर 306 येतं, तिप्पट. तेवढे डेल्टात जोडले की पॉवर फॅक्टर 0.79 लीडिंगवर जातो. सगळी मेहनत उलटी! क्लॅम्प मीटर कपॅसिटरच्या लाइनवर लावा: 23 अँपिअर हवेत, 69 दिसले तर घोळ हाच.