सल्फर ‘पीएच’ने की ‘एफ’ने?

“केमिस्ट्रीच्या पेपरात सल्फर ‘एफ’ने लिहिलं किंवा ॲल्युमिनियममधला शेवटचा ‘आय’ गाळला, की ते अमेरिकन स्पेलिंग धरून मार्क कापतात.”

आंतरराष्ट्रीय नामकरणाने 1990 पासून सल्फर ‘एफ’नेच मानलं आहे, आणि ब्रिटनच्या शालेय प्रश्नपत्रिकांतही आता तेच छापतात. ॲल्युमिनियम मात्र ‘आय’सकट प्रमाण, ‘आय’ नसलेलं रूपही चालतं. म्हणजे प्रमाण जोडीतलं एक रूप अमेरिकेतलं, एक ब्रिटनमधलं. मग अमेरिकन म्हणून चूक, हा हिशेब मुळातच जमत नाही.

परीक्षक पाहतो ते वेगळंच. समजा प्रश्न आहे: ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल यांच्यापासून कोणता क्षार मिळतो? उत्तर ॲल्युमिनियम सल्फेट, Al₂(SO₄)₃. कुणी ते ‘आय’ गाळून आणि ‘पीएच’ने लिहिलं, तरी पदार्थ तोच राहतो, सहसा पूर्ण गुण मिळतात. पण ‘सल्फाइट’ लिहिलं तर SO₃²⁻ आला, ‘सल्फाइड’ लिहिलं तर S²⁻. पदार्थच बदलला, गुण गेला. माझ्या मते मुलांनी जपायची ती ही शेवटची अक्षरं.

खात्री करायची तर आपल्या परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका आणि तिची गुणदान योजना उघडा. छापलेलं रूप कोणतं आणि स्पेलिंगबद्दल सूचना काय, ते तिथेच दिसतं. संगणक तपासणार असेल, तर मात्र प्रश्नात छापलेलंच रूप जसंच्या तसं टाइप करा, कारण काही प्रणाली अक्षरन् अक्षर जुळवतात.