बंद बाथरूमची जाळी: खाली पाणी आहे का?

पाहुण्यांसाठी ठेवलेलं बाथरूम महिनाभर कुणी वापरत नाही. मग एके दिवशी दार उघडलं की गटाराचा वास येतो आणि कोपऱ्यात एखादं मोठं, तांबूस झुरळ मिशा हलवत बसलेलं असतं. घरातले लगेच फिनाइल ओततात. वास थोडा वेळ दबतो, पण तो फिनाइलमुळे नव्हे, त्याबरोबर ओतलेल्या पाण्यामुळे.

जमिनीतल्या जाळीखाली जे खोलगट भांडं असतं त्याला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यात शिरलेलं पाणी आधी खाली जातं, एका कडेखालून वळतं, मग पुन्हा वर चढून पाइपात ओसंडतं. त्या कडेपासून ओसंडण्याच्या पातळीपर्यंत जे पाणी कायम उभं राहतं, तेच घर आणि गटार यांच्यातलं दार. त्याची उंची साधारण 50 मिलिमीटर असते. जाळीखाली उलटी वाटी बसवलेल्या स्वस्त ट्रॅपमध्ये ती पुष्कळदा याहून बरीच कमी भरते, आणि ती वाटी साफसफाईला काढून परत लावलीच नाही तर दार उरतच नाही.

हे पाणी हळूहळू उडून जातं. उन्हाळ्यात रोज 2 मिलिमीटर उडतं असं धरलं, तर 50 मिलिमीटर संपायला 25 दिवस लागतील आणि 20 मिलिमीटरच असेल तर 10. पावसाळी दमट हवेत वेग मंदावतो, विदर्भातल्या मे महिन्यात वाढतो. बंद दाराआड पंखा चालू राहिला तर आणखी वाढतो. म्हणूनच सुट्टीत गावी गेलेल्यांना परतल्यावर हा वास गाठतो. रोजच्या वापरातल्या बाथरूममध्येही हे घडतं: काचेच्या पार्टिशनमुळे कोरड्या राहणाऱ्या भागातली दुसरी जाळी फक्त पुसली जाते, तिच्यात पाणी जातच नाही.

गंमत अशी की वास हळूहळू वाढत नाही. पाणी अर्धं उरलं तरी काहीच कळत नाही. एक मिलिमीटर उंचीचं पाणी साधारण 10 पास्कल दाब तोलून धरतं, तर बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन खोलीत जेमतेम काही पास्कल ते काही दहा पास्कल ओढ निर्माण करतो. त्यामुळे 25 मिलिमीटर पाणी पुष्कळ होतं. पण शेवटचे दोन-तीन मिलिमीटर उरले की फॅन त्यातून हवेचे बुडबुडे ओढू लागतो, आणि पातळी कडेखाली गेली की मार्ग सताड उघडा. दारं-खिडक्या लावून फॅन चालवला की बाहेरची ताजी हवा येण्याऐवजी गटारातली हवाच वर येते. तिच्यातला सडक्या अंड्यांसारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. नाक त्याला लवकर सरावतं, म्हणून घरातल्यांआधी पाहुण्यांना तो जाणवतो.

2003 साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची साथ पसरली आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत तिथे 321 जण आजारी पडले. तपासात संशय गेला तो बाथरूमच्या जमिनीतल्या कोरड्या पडलेल्या ट्रॅपवर. रहिवासी जमीन धुण्याऐवजी पुसत, त्यामुळे ट्रॅप भरत नव्हते. दार लावून एक्झॉस्ट फॅन चालवला की सांडपाण्याच्या पाइपातले विषाणूयुक्त थेंब आत खेचले जात असावेत, असा निष्कर्ष निघाला.

झुरळांचं म्हणाल तर चेंबरमध्ये राहणारं ते साडेतीन-चार सेंटिमीटरचं तांबूस झुरळ. कोरडा ट्रॅप म्हणजे त्याला सरळ जिना. स्वयंपाकघरातली, पाठीवर दोन गडद पट्टे असलेली लहान झुरळं या वाटेची नव्हेत, त्यांच्यासाठी ट्रॅप भरून उपयोग नाही. मोठी झुरळंही पाण्यातून कधीमधी पोहून येतात, पण भरलेला ट्रॅप बहुतेकांना अडवतो.

तपासायला जाळी उचलून टॉर्च मारा: पाणी असेल तर चमकतं. दिसत नसेल तर दार बंद करून फॅन लावा आणि टिश्यूची पातळ पट्टी जाळीवर धरा. ती वर उडाली तर हवा वर येते आहे. उदबत्तीचा धूर जास्त स्पष्ट दिसतो, पण गटाराच्या हवेत मिथेन असू शकतो, तेव्हा ज्योत किंवा निखारा नकोच.

उपाय स्वस्त आहे. लिटर-दोन लिटर पाणी ओता आणि वर मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन दोन-तीन चमचे सोडा. त्याचा थर पाण्यावर तरंगतो आणि बाष्पीभवन खूप मंदावतो. गोडं तेल वापरू नका, ते खवट होतं आणि झुरळांना मेजवानी ठरतं. पाणी ओतूनही दोन-तीन दिवसांत ट्रॅप रिकामा झाला, तर बाष्पीभवनाला दोष देऊ नका. ट्रॅपला तडा असेल, कडेवर अडकलेले केस वातीसारखे पाणी पलीकडे ओढत असतील, किंवा वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर पाइपात होणाऱ्या ओढीने पाणी निघून जात असेल. फ्लशनंतर जाळीतून गुळगुळ आवाज येत असेल तर तिसरं कारण जवळपास नक्की. मग पाइपाची हवा खेळवणारी नळी गच्चीवर तुंबली आहे का, हे प्लंबरकडून बघून घ्यावं लागतं.