नियम वेगळे की मूल्ये वेगळी?

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत माझी सात वर्षांची भाची आपल्या वडिलांना ‘ए बाबा’ म्हणते, आणि खालच्या मजल्यावर राहणारी तिची मैत्रीण ‘अहो बाबा’ म्हणते. एका संध्याकाळी दोघी खेळत असताना मी त्यांना विचारले, की अहोंच्या घरात कुणी ‘ए’ म्हटले तर ते चूक ठरेल का. भाचीने लगेच सांगितले, “तिच्या घरी चूक, आमच्या घरी नाही.” मग मी दुसरा प्रश्न टाकला. समजा, एखाद्या घरी असा नियमच आहे की धाकट्या भावाला उगाच मारलेले चालते, तर त्या घरी मारावे का? दोघी एकदमच म्हणाल्या, “नाही! त्याला लागेल ना.”

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल यांच्या संशोधनाचा पाया याच फरकावर उभा आहे, आणि १९८३ साली त्यांनी तो एका पुस्तकात सविस्तर मांडला. लहान मुलांना एखादी कृती सांगायची आणि दोन गोष्टी विचारायच्या : मोठ्यांनी किंवा शिक्षकांनी हा नियम काढून टाकला तर ती कृती चालेल का, आणि दुसऱ्या देशात सगळ्यांना ती मान्य असेल तर तिथे ती चालेल का? गणवेश, हाक मारण्याची पद्धत, जेवणाच्या सवयी यांबाबत मुले ‘चालेल’ म्हणतात. मारणे आणि दुसऱ्याची वस्तू पळवणे यांबाबत ‘नाही’ म्हणतात. पहिल्या प्रकाराला संकेत म्हणू आणि दुसऱ्याला नीती. ही विभागणी जगभर सारखी असेल, तर ‘ज्या समाजात जे मान्य, तेच त्या समाजात योग्य’ असे मानणाऱ्या नैतिक सापेक्षतावादाला संकेतांच्या प्रदेशात मोकळे रान मिळते, नीतीच्या प्रदेशात मात्र मिळत नाही.

या निष्कर्षाला सर्वांत वजनदार हरकत आली ती आपल्याच देशातून. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर यांनी मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांच्यासह भुवनेश्वरच्या जुन्या मंदिर परिसरातील लोकांना आणि शिकागोच्या हाइड पार्क भागातील रहिवाशांना ३९ छोटे प्रसंग सांगून मते विचारली, आणि हा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही प्रसंगांवर दोन्ही गावांचे एकमत होते. परीक्षेत चांगले यश मिळाले तर पेन देईन असे मुलाला सांगून नंतर काहीच न देणारा बाप दोन्हीकडे चुकला, आणि रस्त्यात झोपलेल्या कुत्र्याला लाथ मारणारा माणूसही चुकला. मात्र वडिलांच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलाने केस कापून घेतले आणि कोंबडी खाल्ली, हा प्रसंग भुवनेश्वरच्या ब्राह्मणांनी सर्वांत गंभीर अपराधांत धरला, तर शिकागोकरांना त्यात अपराध कोणता तेच कळेना. विधवेने आठवड्यातून दोन-तीनदा मासे खाणे आणि पंचवीस वर्षांच्या मुलाने वडिलांना नावाने हाक मारणे यांबाबतही तसेच घडले.

या अभ्यासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि सापेक्षतावादाच्या बाजूने त्याचा दाखला देणारे बहुधा तिच्यावर थांबत नाहीत. भुवनेश्वरच्या लोकांनी ‘हा आमचा रिवाज आहे, तुमचा वेगळा असेल’ असे म्हटलेच नाही. विधवेने मासे खाणे हे कुठेही चूकच आहे आणि बहुमताने तो नियम बदलता येणार नाही, असे त्यांतील बहुतेकांचे म्हणणे होते. म्हणजे ज्यांच्या वेगळेपणावर सापेक्षतावादाची इमारत उभी करायची, ते स्वतः पक्के वैश्विकतावादी निघाले. ‘तुमच्यापुरते ते खरे’ असे त्यांना सांगणे हा त्यांच्या मताचा आदर नाही. तो त्यांच्या म्हणण्याचा मुख्य भागच नाकारणे आहे.

ट्युरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हरकतीला जे उत्तर दिले, ते समजून घेण्यासाठी विधवेच्या ताटातल्या माशाकडे जरा थांबून पाहावे लागते. मासे का खाऊ नयेत असे विचारल्यावर मिळणारी कारणे अशी होती, की मासे उष्ण असल्यामुळे वासना चाळवते, त्यातून अनाचार घडेल आणि पतीचा आत्मा दुखावला जाईल. ही कारणे नीट वाचली तर त्यांच्या तळाशी ‘ज्याच्याशी आपले नाते आहे त्याला इजा करू नये’ हे आपल्या ओळखीचेच तत्त्व दिसते. शिकागोचा माणूसही ते मानतो. फक्त आत्मा दुखावतो आणि माशाने तसे होते, ही माहिती त्याला मान्य नाही. तेव्हा दोघांतला वाद मूल्याचा नसून वस्तुस्थितीचा ठरतो. मतभेद समोर आला की तो या दोहोंपैकी कोणत्या जातीचा आहे हे ओळखण्याची साधी रीत म्हणजे, समोरच्याची माहिती क्षणभर खरी धरून पाहायची. ती खरी असती तर आपणही तसाच निर्णय दिला असता का? उत्तर ‘हो’ आले तर भेद माहितीचा, आणि ‘तरीही नाही’ आले तर मूल्याचा.

ही कसोटी पुण्याच्या इतिहासातल्या एका प्रश्नाला लावून पाहू. एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्राह्मण घरांत नवरा वारला की बायकोचे केशवपन होई, तिला आलवण नेसावे लागे आणि एकवेळ जेवावे लागे. केशवपनाच्या समर्थनासाठी काशीखंडातले वचन सांगितले जाई : ‘विधवाकबरीबन्धो भर्तृबन्धाय जायते’, म्हणजे विधवेने बांधलेली वेणी परलोकात तिच्या नवऱ्याला बंधन होऊन बसते. हे भुवनेश्वरच्या माशाचेच सख्खे भावंड आहे. वेणीमुळे मेलेला माणूस खरोखरच जखडला जात असेल, तर केस काढण्यात निदान कारण तरी आहे.

आता ते वचन क्षणभर खरे धरू. तरीही एक प्रश्न उरतोच. बायको वारल्यावर नवऱ्याची शेंडी तिला परलोकात बांधत नाही, असे का मानायचे? विधुराचे दुसरे लग्न वर्षाच्या आत लागते आणि नऊ वर्षांच्या विधवेपुढे न्हावी बसवला जातो, हा फरक परलोकाविषयीच्या कोणत्याही माहितीतून निघत नाही. तो निघतो कुणाच्या दुःखाला किती किंमत द्यायची याच्या हिशेबातून. म्हणून इथे माझे उत्तर ‘तरीही नाही’ असे येते. ट्युरिएल यांची रीत बराच मतभेद विरघळवते, पण सगळा विरघळवत नाही, आणि जो गाळ खाली उरतो तोच खरा वादाचा विषय असतो.

‘पण त्या काळच्या समाजाला ते मान्य होते’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. मान्य कुणाला होते? धोंडो केशव कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या बालविधवेशी पुण्यात विवाह केला. पुण्यातल्या सुधारक मंडळींनी त्यांचे स्वागत केले, आणि मुरुड या त्यांच्या कोकणातल्या गावच्या ज्ञातिबांधवांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. मग कर्व्यांचा समाज कोणता? मुरुड धरला तर त्यांचे लग्न अनैतिक, सुधारकांचे वर्तुळ धरले तर तेच लग्न आदर्श. शिवाय ‘समाजाला मान्य तेच योग्य’ ही व्याख्या काटेकोरपणे लावली, तर बहुसंख्यांच्या विरोधात उभा राहणारा प्रत्येक सुधारक व्याख्येनेच चुकलेला ठरतो आणि बहुमत फिरले की त्याच दिवसापासून बरोबर ठरतो. मधल्या काळात त्याने दिलेल्या कारणांना काही किंमतच उरत नाही. १८९० मध्ये मुंबईत नाभिकांनी विधवांचे केशवपन करायचे नाही असे ठरवले, तेव्हा ते बाहेरून कुणाचे मूल्य उसने आणायला गेले नव्हते. रडणाऱ्या पोरीच्या डोक्यावर वस्तरा त्यांच्याच हाताने फिरत होता.

वैश्विक मूल्यांच्या बाजूने आज सर्वांत ठोस पुरावा आहे तो ऑलिव्हर स्कॉट करी आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासाचा. जगाच्या निरनिराळ्या भागांतील ६० समाजांची मानववंशशास्त्रीय वर्णने तपासून त्यांनी सात वर्तने शोधली : आप्तांना मदत करणे, आपल्या गटाशी निष्ठा, उपकाराची फेड, शौर्य, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, वाटणी न्याय्य करणे आणि दुसऱ्याच्या मालकीचा आदर. जिथे जिथे यांचा उल्लेख सापडला, तिथे अगदी नगण्य अपवाद वगळता ती चांगलीच मानलेली होती. यादी सर्वत्र एकच असली, तरी त्यातल्या दोन मूल्यांची टक्कर झाली तर कोणते वरचढ, हे मात्र ती सांगत नाही.

ती टक्कर पाहायला पुण्याबाहेर फार लांब जावे लागत नाही. श्वेडर यांच्या प्रसंगांत एक असाही होता, की बापाच्या मृत्यूनंतर मुलगा बहुतेक मालमत्ता घेतो आणि विवाहित बहिणीला थोडेच मिळते; भुवनेश्वरला ते वावगे वाटले नाही, शिकागोला वाटले. आपल्याकडे महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि तरीही मुळशी-हवेलीकडच्या जमिनींचे भाव चढल्यावर बहिणींची हक्कसोडपत्रे होतच राहिली. माझ्या आत्याच्या सहीच्या वेळी मी तिच्याबरोबर निबंधक कार्यालयात होतो. तिने चष्मा पुसला, प्रत्येक पानावर सही केली, कॅमेऱ्याकडे पाहून फोटो दिला, अंगठा टेकवला आणि बाहेर येऊन भावांना चहा पाजला. तिच्यावर कुणी दडपण आणले नव्हते, आणि वाटणीतला अन्याय तिला कळत नव्हता असेही नाही. “माहेरचा उंबरा राहायला हवा,” एवढेच ती म्हणाली. करींच्या यादीतले आप्तांचे मूल्य तिने न्याय्य वाटणीच्या वर ठेवले होते. इथे माहितीचा भेद काहीच नाही. माझ्या मनातली आणि तिच्या मनातली यादी तीच आहे, फक्त वजने वेगळी आहेत.

परतीच्या वाटेवर मी तिला मुलांना विचारतात तसाच प्रश्न विचारला : उद्या तिच्या मुलीवर अशीच वेळ आली आणि सगळे नातेवाईक सही कर म्हणाले, तर मुलीने करावी का? पौड रस्त्यावरच्या गर्दीत रिक्षा थांबली होती. आत्या बराच वेळ बाहेर पाहत राहिली आणि मग म्हणाली, “नाही. तिने करू नये. आणि तसं मी तिच्या भावाला आत्ताच सांगून ठेवणार आहे.”