कायदेशीर मजकुरातली फुटलेली जोडाक्षरं आणि सरकलेल्या वेलांट्या

जुन्या फाँटमधला किंवा पीडीएफमधला मराठी मजकूर कॉपी करून वर्डमध्ये टाकला की 'शासन निर्णय'चं 'शासन िनणर्य' होतं, 'अर्जदार'चं 'अजर्दार' आणि 'महाराष्ट्र'चं चक्क 'महाराष्टर्'. जीआर, निकालपत्रं, करारनामे, सगळीकडे हे दिसतं आणि मुळाशी बहुतेक वेळा ऱ्हस्व वेलांटी आणि रफार ही दोनच चिन्हं असतात.

युनिकोडमध्ये अक्षरं बोलण्याच्या क्रमाने साठवतात, म्हणजे 'नि'मध्ये आधी न मग वेलांटी, आणि 'र्ण'मध्ये आधी र् मग ण. कृती देवसारख्या जुन्या फाँटमध्ये मात्र इंग्रजी चिन्हांच्या जागी अक्षरांचे तुकडे बसवलेत आणि ते जसे दिसतात तसेच डावीकडून टाइप होतात. तिथे 'निर्णय' म्हणजे fu.kZ; असतं: f म्हणजे वेलांटी, u म्हणजे न, .k म्हणजे ण, Z म्हणजे रफार आणि ; म्हणजे य. हे तुकडे क्रम न बदलता एकास एक युनिकोडमध्ये बदलले की 'िनणर्य' तयार. पीडीएफचंही तसंच, ती मुळात आकार छापते, कुठला आकार म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता फाइलमध्ये वेगळा असतो आणि तो अर्धवट असला तर जोडाक्षर गायब होऊन तिथे रिकामी जागा येते.

शब्दाच्या सुरुवातीला सुटी वेलांटी आली की ठिपक्यांचा गोल दिसतो, ते लगेच कळतं. खरा धोका शब्दाच्या मधे आहे. 'प्रतिवादी'चं 'प्रितवादी' होतं तेव्हा गोलबिल काही येत नाही, 'अजर्दार'मध्ये रफार गुपचूप पुढच्या 'दा'वर जाऊन बसतो, वाचणारा सवयीने बरोबरच वाचतो, पण फाइलमध्ये 'अर्जदार' शोधलं तर एकही सापडत नाही आणि वकिलाला वाटतं की उल्लेखच नाही. 'अधिकाऱ्यांनी'चं 'अधिकार्यांनी' होतं ते वेगळ्या कारणाने, काही फाइलींत तो आडवा र एका न दिसणाऱ्या जोडचिन्हावर टिकलेला असतो आणि कॉपी करताना ते चिन्ह गळतं.

दुरुस्त करताना वेलांटी फक्त एक अक्षर पुढे ढकलून चालत नाही. 'िस्थती'वर तसं केलं तर 'सि्थती' होतं, म्हणून ती अख्ख्या 'स्थ'च्या पलीकडे न्यावी लागते, तर रफार उलटा, मागच्या अख्ख्या अक्षराच्या आधी. आणि हे सरसकट चालवू नये, कारण आधीच शुद्ध असलेला 'प्रतिवादी' त्यात सापडला तर वेलांटी 'वा'वर जाते. गायब झालेलं जोडाक्षर तर कुठल्याच नियमाने परत येत नाही, त्यासाठी पीडीएफच्या पानाची इमेज काढून ओसीआर करायचं आणि नावं, गट नंबर, कलमांचे आकडे छापील प्रतीशी डोळ्यांनी ताडून बघायचे.