दोनदा अडुसष्ट

३१ जुलै १९६२ रोजी म्हैसूर सरकारने मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रवेशासाठी एक आदेश काढला. मागास वर्गांना २८ टक्के जागा, अधिक मागास वर्गांना २२, अनुसूचित जातींना १५ आणि जमातींना ३. बेरीज ६८. पुढे २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्राने मराठा समाजाला १६ टक्के आरक्षण दिले. राज्यात आधीचे ५२ टक्के होतेच, त्यामुळे बेरीज पुन्हा नेमकी ६८ झाली. हा निव्वळ योगायोग. पण दोन्ही वेळा सर्वोच्च न्यायालयाने ते आरक्षण मोडले, आणि दोन्ही वेळा मोडण्याचे कारण जवळपास सारखेच होते: ५० ची रेषा ओलांडली.

ही रेषा राज्यघटनेत कुठेही लिहिलेली नाही. ती आली कुठून, हे शोधायचे तर म्हैसूरच्याच खटल्याकडे, एम. आर. बालाजी प्रकरणाकडे, जावे लागते. निकाल लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. गडी सातारचा, भाषा मोजूनमापून वापरणारा. त्यांनी म्हटले ते असे की ढोबळमानाने बोलायचे तर विशेष तरतूद ५० टक्क्यांहून कमी असावी, आणि किती कमी हे त्या त्या ठिकाणच्या परिस्थितीवर ठरेल. म्हणजे मुळात हा अंदाजाचा शब्द होता, फूटपट्टी नव्हती. त्यामागचा तर्क सोपा होता. समान वागणूक हा नियम आणि आरक्षण हा अपवाद मानला, तर अपवादाने नियमाला गिळून टाकता कामा नये. निम्म्याच्या वर गेले की अपवाद मोठा आणि नियम लहान होतो.

अशीच चिंता डॉ. आंबेडकरांनी ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडली होती. समजा ७० टक्के जागा राखीव झाल्या आणि खुल्या स्पर्धेला ३० च उरल्या, तर संधीची समानता उरली असे कुणी म्हणेल का, असा त्यांचा प्रश्न होता. राखीव जागा अल्पसंख्य असाव्यात, इतकेच ते म्हणाले. आकडा त्यांनीही दिला नाही.

गंमत पुढे आहे. १९७५ मध्ये एन. एम. थॉमस खटल्यात सात न्यायमूर्तींपैकी बहुमताने सांगितले की आरक्षण हा समानतेचा अपवाद नव्हेच, ते समानतेचेच एक अंग आहे. हे मान्य केले की ५० चा मूळ आधार निघून जातो. न्यायमूर्ती फझल अलींनी तर थेट विचारले की एखाद्या राज्यात ८० टक्के लोक मागास असतील आणि तिथे ८० टक्के जागा राखल्या, तर त्यात चूक काय? पण १९९२ मध्ये मंडल खटल्यात, म्हणजे इंद्रा साहनी प्रकरणात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने दोन्ही गोष्टी एकाच निकालात ठेवल्या. आरक्षण अपवाद नाही हे मान्य केले, आणि ५० ची मर्यादाही कायम ठेवली. आता तिचे कारण मात्र बदलले: व्यक्तीचा समान संधीचा हक्क आणि मागास वर्गाचा दावा यांचा तोल. माझ्या मते आकडा आधी आला आणि कारण मागून शोधले गेले. त्यामुळे आकडा चुकीचा ठरत नाही, पण तो गणिताने सिद्ध झाला आहे असेही कुणी म्हणू नये.

केंद्रातले २७ टक्केही याच रेषेमुळे २७ आहेत. मंडल आयोगाने इतर मागास वर्गांची लोकसंख्या ५२ टक्के धरली होती. अनुसूचित जाती-जमातींचे साडेबावीस टक्के आधीच होते, म्हणून उरलेल्या जागेत बसेल असा २७ हा आकडा निघाला. बेरीज साडेएकोणपन्नास.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत तो सगळीकडे भेटतो. खुल्या जागा म्हणजे ‘वरच्या जातींचा कोटा’ नव्हे. समजा शंभर जागा आहेत, ५२ राखीव, ४८ खुल्या. ओबीसी प्रवर्गातली एखादी मुलगी वयाची, फीची वा गुणांची कुठलीही सवलत न घेता गुणवत्ता यादीत तिसरी आली, तर ती खुल्या ४८ मधली एक जागा घेते आणि ओबीसींच्या राखीव जागांतून काहीच वजा होत नाही. त्यामुळे शंभरपैकी साठ-सत्तर जागांवर आरक्षित प्रवर्गातले विद्यार्थी बसले, तरी मर्यादा मोडत नाही. ती किती जागा राखायच्या यावर आहे, किती माणसे यावीत यावर नाही.

साहनी निकालाने एक खिडकी उघडी ठेवली होती. मुख्य प्रवाहापासून तुटलेल्या, दूरवरच्या भागांतल्या लोकांसाठी, असाधारण परिस्थितीत, अत्यंत सावधपणे ५० ओलांडता येईल. महाराष्ट्राने याच खिडकीतून जाण्याचा प्रयत्न केला. न्यायमूर्ती गायकवाड आयोगाने मराठा समाज सामाजिकदृष्ट्या मागास असल्याचा अहवाल दिला, कायदा झाला, जून २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तो उचलून धरत टक्केवारी शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ अशी कमी केली. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कारणांपैकी एक वाचण्यासारखे आहे, कारण ते मोजणीचे आहे. आयोगाने मराठा कर्मचाऱ्यांचे प्रमाण एकूण पदांशी ताडले होते. न्यायालयाचे म्हणणे असे की हा समाज इतके दिवस फक्त खुल्या पदांवर स्पर्धा करत होता, म्हणून छेद बदला. खुल्या प्रवर्गातल्या भरलेल्या पदांशी ताडल्यावर वर्ग एकमध्ये प्रमाण निघाले ३३.२३ टक्के, वर्ग दोनमध्ये २९.०३, वर्ग तीनमध्ये ३७.०६. आयोगाने समाजाची लोकसंख्या सुमारे ३० टक्के धरली होती. अंश तोच राहिला, छेद बदलला आणि ‘अपुरे प्रतिनिधित्व’ नाहीसे झाले. शिवाय घटनेचा शब्द ‘पुरेसे’ असा आहे, ‘लोकसंख्येच्या प्रमाणात’ असा नाही, यावरही न्यायालयाने बोट ठेवले.

मग २०२२ मध्ये रेषा थोडी सरकली. आर्थिक दुर्बल घटकांच्या १० टक्क्यांवर ३ विरुद्ध २ असा निकाल लागला आणि बहुमताने सांगितले की ५० ची मर्यादा ताठर नाही, आणि ती मागास वर्गांच्या आरक्षणापुरतीच आहे. सरन्यायाधीश उदय लळित आणि न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी विरोधात मत दिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने मराठा समाजाला पुन्हा १० टक्के दिले. ५२ आणि १० मिळून ६२, आर्थिक दुर्बलांचे १० धरले तर ७२. यालाही न्यायालयात आव्हान मिळाले.

बाहेरची भिंत अशी पक्की झाली की भांडण आपोआप घराच्या आत येते: आहे त्या जागा वर्गातल्या कुणाला मिळाव्यात? मागास वर्गातला वरचा थर सगळे लाभ पळवतो, ही तक्रार न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७५ च्याच खटल्यात नोंदवली होती. दुधावरची साय, म्हणजेच क्रीमी लेअर, हा शब्द तिथून रुजला. आपल्या सरकारी कागदावर तो ‘उन्नत व प्रगत गट’ असा येतो. १९९२ मध्ये न्यायालयाने ओबीसींमधून हा थर वगळणे बंधनकारक केले.

पण साय ओळखायची कशी? न्यायमूर्ती जीवन रेड्डींनी निकालात एक सुतार उभा केला आहे. सुतार जातीतला माणूस आखातात जातो आणि तिथेही सुतारकामच करतो. रुपयांत मोजले तर त्याची कमाई भरपूर. म्हणून त्याची मुले वगळायची का? तो सुतारच आहे ना. त्याने स्वतःचा कारखाना काढला, इतरांना काम देऊ लागला, तर गोष्ट वेगळी, कारण तेव्हा त्याची सामाजिक पतही बदलते. म्हणजे पैसा हे मोजमाप नाही, पत हे मोजमाप आहे, आणि पैसा फक्त तिच्याकडे बोट दाखवतो.

सप्टेंबर १९९३ च्या केंद्राच्या नियमांत हा सुतार ओळखीचा वाटावा इतका शिल्लक आहे. ‘आठ लाखांच्या वर उत्पन्न म्हणजे क्रीमी लेअर’ हे वाक्य सेतू केंद्राच्या रांगेत ऐकायला मिळते, ते निम्मेच खरे आहे. तीन ओबीसी घरे घेऊ. पहिल्यात वडील सरकारी कारकून, आई प्राथमिक शिक्षिका, दोघांचा पगार मिळून वर्षाला १४ लाख. इथे पगार उत्पन्नात धरत नाहीत, शेतीचे उत्पन्नही नाही. पद पाहतात, आणि ती पदे वर्ग तीनची. मुलगा नॉन-क्रीमी. दुसऱ्या घरात वडिलांचे किराणा मालाचे घाऊक दुकान, सलग तीन वर्षे नऊ लाख. मुलगी क्रीमी लेअरमध्ये. एखादेच वर्ष बरकतीचे गेले असते, तर वगळली नसती. तिसऱ्या घरात आई थेट भरतीने वर्ग एकची अधिकारी. उत्पन्न विचारलेही जात नाही, मुले वगळलेली. आणि वडील वर्ग दोनमध्ये लागून वर्ग एकमध्ये बढतीने गेले असतील, तर बढती चाळिशीपर्यंत मिळाली की नंतर, यावर सगळे अवलंबून. बेचाळिसाव्या वर्षी मिळाली, तर त्या कारणाने मुले वगळली जात नाहीत. नियम करणाऱ्यांचा हिशोब असा असावा की उशिरा आलेली पत मुलांच्या शाळेपर्यंत पोहोचत नाही.

हे गणित सरकारी नोकरीत जमते, कारण तिथे प्रत्येक पदाला वर्ग आहे. खासगी कंपनीतला मॅनेजर वर्ग एक की दोन? पदांची बरोबरी लावणे अवघड, आणि मग पगारच धरला जातो. त्यामुळे सारखाच पगार मिळवणारे दोन शेजारी, एक सरकारी आणि एक खासगी, त्यांच्या मुलांची प्रमाणपत्रे वेगळी निघू शकतात. यावरून बरेच खटले झाले. गोंधळात भर म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांचीही मर्यादा ८ लाखच आहे, पण तिथे पगार, शेती, धंदा सगळे एकत्र मोजतात. आकडा एक, तराजू दोन.

ओबीसींची उत्पन्नमर्यादा १९९३ मध्ये १ लाख होती. दर तीन वर्षांनी तपासायची असे ठरले होते. प्रत्यक्षात ती २००४, २००८, २०१३ आणि २०१७ मध्ये बदलली. मधल्या काळात महागाईच किती जणांना साय ठरवून गेली असेल.

अनुसूचित जाती-जमातींना प्रवेश आणि थेट भरतीत ही गाळणी लावलेली नाही. साहनी निकालाची ती चर्चा ओबीसींपुरती होती. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने अनुसूचित जातींमध्ये पोटगट पाडण्याला, म्हणजे उपवर्गीकरणाला, मान्यता दिली, तेव्हा अमरावतीचे भूषण गवई यांच्यासह चौघांनी इथेही प्रगत थर ओळखून वगळावा असे लिहिले. शहरातल्या नामांकित शाळेतले मूल आणि आडगावच्या शाळेतले मूल एका मापात कसे बसवायचे, हा गवईंचा मुद्दा. उलट बाजूचे म्हणणे असे की अस्पृश्यतेचा डाग पगाराने वा हुद्द्याने पुसला जात नाही, कलेक्टरलाही भाड्याचे घर शोधताना आडनाव सांगावे लागते. सुताराच्या उदाहरणातली पत इथे वेगळ्या रीतीने मोजावी लागेल, आणि त्या चौघांनीही निकष ओबीसींसारखेच हवेत असा आग्रह धरला नाही. आठच दिवसांनी, ९ ऑगस्टला, केंद्रीय मंत्रिमंडळाने सांगितले की आंबेडकरांच्या घटनेत अनुसूचित जाती-जमातींसाठी क्रीमी लेअरची तरतूद नाही.