ताळा करायचा, पण कशाशी?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माध्यमाच्या शाळांत एसएसएलसीचा गणिताचा पेपर सुटला की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘दोनदा तपासलं होतं, तरी चुकलं कसं?’ बहुतेक वेळा ‘तपासलं’ म्हणजे वरून खाली त्याच पायऱ्या पुन्हा वाचल्या. पहिल्यांदा जे डोळ्यांना बरोबर वाटलं, ते दुसऱ्यांदाही बरोबरच वाटतं. ताळा करायचा तर वेगळ्या वाटेनं उत्तरापर्यंत जाता आलं पाहिजे.

एक गणित घेऊ. बस ९६ किलोमीटर अंतर एकसमान वेगानं जाते. वेग ताशी ८ किलोमीटरनं वाढवला असता तर २४ मिनिटं कमी लागली असती. मूळ वेग किती? अंतर साधारण बेळगाव-हुबळी एवढं, म्हणून चित्र डोळ्यांसमोर उभं करायला सोपं.

समीकरण मांडण्याआधी अदमास घेऊ. वेग ५० धरला तर ९६ किलोमीटरला साधारण १ तास ५५ मिनिटं लागतात आणि ५८ च्या वेगानं १ तास ३९ मिनिटं. वाचली १६ मिनिटं, म्हणजे हवीत त्याहून कमी. आता ३० धरू. ३ तास १२ मिनिटं लागतात, ३८ च्या वेगानं जवळपास २ तास ३२ मिनिटं. वाचली ४०, म्हणजे जास्त झाली. तेव्हा उत्तर ३० आणि ५० च्या मध्येच कुठेतरी आहे. हे कच्च्या कामाच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं आणि मगच x धरायचा.

96/x − 96/(x + 8) = 2/5

कारण २४ मिनिटं म्हणजे २/५ तास. सोपं रूप दिलं की x² + 8x − 1920 = 0 मिळतं. मुळं 40 आणि −48.

आता चुका पाहू. मिनिटांचे तास करायचे राहिले आणि उजवीकडे थेट 24 लिहिलं, तर x सुमारे २.९ येतो. ताशी तीन किलोमीटर म्हणजे चालणारा माणूससुद्धा बसच्या पुढे. अदमास ही चूक लगेच पकडतो. २४ मिनिटांना ०.२४ तास मानलं तर x सुमारे ५२.७ येतो. ‘बस एवढ्या वेगानं जातेच की’ म्हणून मूल पुढे सरकतं. ही चूक जास्त फसवी, कारण ५२.७ स्वतःच्या समीकरणात घातलं तर डावी-उजवी बाजू अगदी जुळते. समीकरणच चुकलेलं असलं तर त्याचं मूळ त्यात बसणारच! पण उत्तर शब्दांतल्या प्रश्नात घालून पाहा : वाचतात १४.४ मिनिटं, २४ नव्हे. शिवाय ५२.७ आपल्या ३० ते ५० च्या पट्ट्याबाहेरचं आहे.

तिसरी चूक मला सर्वांत आवडते. अवयव पाडताना चिन्हं उलटी झाली की (x − 48)(x + 40) होतं आणि उत्तर येतं ४८. बसला शोभणारं, पट्ट्याच्या आतलं. अदमास इथे गप्प बसतो. प्रश्नात घातलं तर मात्र ४८ ला २ तास आणि ५६ ला सुमारे १ तास ४३ मिनिटं. फरक १७ मिनिटांचा, म्हणून चूक.

पण नेमकं ४८ च का यावं? मूळ समीकरणात x च्या जागी −(x + 8) घाला. पहिलं पद −96/(x + 8) होतं, दुसरं +96/x. दोन पदांनी जागा बदलल्या, बेरीज तीच राहिली! म्हणून ४० हे मूळ असेल तर −(40 + 8) हेही मूळ असणारच. ज्या −४८ ला आपण ‘वेग ऋण नसतो’ म्हणून काट मारतो, तो वाढवलेल्या वेगाचाच उलट्या चिन्हाचा जोडीदार आहे. त्यामुळे चिन्ह चुकलं की प्रश्नातलाच दुसरा खरा वेग हाती येतो आणि तो खोटा वाटत नाही.

काही जण इथे नवाचा ताळा सांगतात. ‘वैदिक’ म्हणून तो विकणाऱ्या शिबिरांना तर त्यात चमत्कारच दिसतो. समीकरणाला सोपं रूप देताना येणारा गुणाकार घ्या, 96 × 8 × 5 = 3840; अंकांची बेरीज १५, तिची ६. डावीकडेही ६ च येते. पण 3480 लिहिलं असतं तरी ६ च आली असती. अंकांची अदलाबदल या ताळ्याला दिसत नाही.

शेवटची पडताळणी उत्तरपत्रिकेत उतरवण्याआधी करायची : ४० ला २ तास २४ मिनिटं, ४८ ला २ तास, फरक २४ मिनिटं. मात्र ९६, ८ आणि २४ हे आकडे छापील प्रश्नपत्रिकेवरून पुन्हा वाचून घ्यायचे. आपल्या कच्च्या कामाच्या पहिल्या ओळीतून घेतले आणि तिथेच ९६ चे ६९ झालेले असले, तर ताळाही ६९ शीच जुळतो.